चौघं आणि उंबऱ्यातली ती

अंबाजोगाई, गुरुवार, १९ मार्च २०२६

दिवस मावळायच्या आत गुढी उतरवली. गाठ्यांना मुंग्या लागल्या होत्या, त्या झटकल्या. तांब्या घासून ओट्यावर पालथा ठेवला. काठी यांच्या वेळचीच. असो.

आज शके १९४८ लागलं, संवत्सराचं नाव पराभव. सकाळी पंचांग वाचताना तेवढं नाव मी हळू आवाजात वाचलं, जसं काही कुणी ऐकणार होतं.

खरं तर लिहायला बसले ते त्या क्लिपमुळं.

गेल्या आठवड्यात लेकाचा फोन आला. "आई, पाडव्याला सगळ्यांना पाठवायला आमच्या चौघांची एक क्लिप करायची आहे. एआय करून देतं, पण प्रॉम्प्ट नीट लागतो. तू मराठीत लिहून दे, मी इंग्रजी करून टाकतो." तिकडं नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, त्यांची खरी गुढी पडद्याच्या दांडीची, आणि कडुलिंबाची डहाळी सूनबाईला मिळालीच नव्हती. तर निदान क्लिपमध्ये तरी सगळं असावं, असं त्यांचं म्हणणं. मला बरं वाटलं. तीस वर्षं पोरांकडून निबंध लिहून घेतले, आता मला कुणी वर्णन मागितलं.

चौघांची म्हणाला. चौघंच आहेत ते, मोजायला काही चुकलं नाही.

पहिल्यांदा मी एवढंच लिहिलं: पारंपरिक वेशातलं मराठी कुटुंब गुढी उभारत आहे. आलं काय? लेकाला शेरवानी, सुनेला घागरा, आणि काठीला भगवा तिकोनी झेंडा. टोकावर आंब्याची पानं आणि नारळ लावलेला सरळ कलश. सत्यनारायणाची पूजा काठीवर चढवल्यासारखं! मग मी तावातावानं लिहिलं, झेंडा नको, नारळ नको. तर पुढच्या वेळी दोन झेंडे. लेक म्हणाला, "आई, नको म्हटलेलं त्याला नीट कळत नाही. शब्द आला की वस्तू येते. काय हवंय तेवढंच लिही." हे मात्र मला पटलं. पाचवीच्या वर्गातही पळू नका म्हटलं की पोरं पळायचीच.

मग बसून नीट लिहिलं. गुढी या शब्दावर न विसंबता ती दिसते कशी ते. त्या यंत्रानं तांबे पाहिलेत ते बहुतेक सरळ ठेवलेले, म्हणून नुसतं तांब्या म्हटलं की तोंड वर. नऊवारी म्हटलं की सहावारीच्या निऱ्या, कारण चित्रं त्याच साडीची जास्त. फेटा म्हटलं की राजस्थानी पगडी. म्हणून नाव कमी आणि बांधणी जास्त लिहायची. माझ्या वहीतला शेवटचा मजकूर असा:

```
उंच वेळूची काठी, दाराच्या उजव्या बाजूला.
टोकावर तांब्याचा गडू पालथा, त्याचं तोंड खाली,
काठीचं टोक गडूच्या आत, बूड आकाशाकडे.
गडूखाली चुण्या घातलेलं हिरवं जरीचं वस्त्र,
कडुलिंबाची डहाळी, झेंडूचा हार, पांढऱ्या गाठ्यांची माळ.
बाईची साडी दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला
खोचलेली, पदर डाव्या खांद्यावर, नथ डाव्या नाकात.
चौघे हात जोडतात. कॅमेरा हलत नाही.
मागे उंबऱ्यात आजी, हातात निरांजनाचं तबक.
```

हात जोडतात एवढंच ठेवलं, कारण आठ सेकंदांची क्लिप. आधी मी उभारणं, हळदकुंकू वाहणं, नमस्कार, हसणं असं सगळं कोंबलं होतं. त्यात धाकटीचा हात काठीतून आरपार गेला आणि गडू मेणासारखा ओघळला. आधी एक स्थिर चित्र करून घ्यायचं, गडू पालथा आहे ना, बोटं पाचच आहेत ना ते बघायचं, आणि मग त्याच चित्राला एकच हालचाल द्यायची, असं लेकानं शोधून काढलं. "हार्दिक शुभेच्छा" ही अक्षरंही नंतर फोनवर वरून चिकटवली. यंत्रानं काढलेल्या शुभेच्छांमधला च्छ बघून मी लाल पेन शोधायला लागले होते.

शेवटची ओळ मात्र त्यानं मागितली नव्हती. मीच घातली. का, ते लिहायला बसले आणि अजून सांगता येत नाही. चित्र रिकामं वाटत होतं, असं मी स्वतःला सांगितलं. दारात कुणी नको का? पण दारात कुणीही चाललं असतं. मी आजीच लिहिलं. चोरून. आणि त्यानंही न विचारता इंग्रजी करून टाकलं, म्हणजे त्याला ते चाललं, किंवा त्यानं वाचलंच नाही. यातलं कुठलं बरं, हे दुपारपासून ठरत नाही.

सकाळी क्लिप आली. गडू पालथा! खरंच पालथा. चौघं हुबेहूब, कारण त्यांचे फोटो दिले होते. आणि उंबऱ्यात ती. उंच, गोरी, चांदीसारखे केस, सुरकुत्याही बेताच्या. माझा फोटो कुणी दिलाच नव्हता, त्यामुळं यंत्रानं शब्दावरून आजी घडवली. पैठणच्या शालिवाहनानं मातीचे शिपाई करून पाणी शिंपडलं आणि ते उठून लढायला गेले, ही गोष्ट मी दर पाडव्याला वर्गात सांगायचे. त्या शिपायांचे चेहरे कुणासारखे होते, हे एकाही पोरानं कधी विचारलं नाही.

घरच्या ग्रुपवर कौतुकाचा पाऊस. धाकट्या जाऊबाईंनी लिहिलं, "वहिनी, कधी गेलात तिकडं? किती बारीक झालात!" भावजींनी हात जोडले. कुणालाही ती खटकली नाही. तीस-चाळीस वर्षं पाहिलेला चेहरा, आणि तबक हातात दिलं की कुणीही चालतं. दुपारी पुरण वाटताना रडू आलं. एकटीसाठी कशाला वाटत होते कोण जाणे.

मधेच पलीकडचा सालगडी गाठ्या द्यायला आला. आज त्याचं साल संपलं, नवं ठरलं, मालकानं पैसे थोडे वाढवले. "बाई, तुमचं काय?" म्हणाला, सहजच. मी म्हटलं, माझ्या जागी दुसरी ठेवली, माझ्यापेक्षा गोरी. त्याला काही कळलं नाही. मला मात्र माझंच हसू आलं, आणि ते थांबेना. पुरणात मीठ पडलं तेवढ्यात. माझं ठेवणीतलं दुःख आठ सेकंदांचं, त्यातही कॅमेरा हलत नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. लेक क्लिपचंच कौतुक ऐकवत होता. धाकटी मध्ये घुसली आणि म्हणाली, "पण ती आजी नाहीये. आजीला चष्मा आहे." लेक गप्प झाला. क्लिप त्यानं पुन्हा बघितली असावी, कारण थोड्या वेळानं म्हणाला, "आई, हे तू लिहिलं होतंस?" मी म्हटलं, निरांजन धरायला कुणीतरी हवं होतं.

"तुझा एक फोटो पाठव. समोरून, नीट उजेडातला. मंडळाचा कार्यक्रम शनिवारी आहे, तोवर बदलतो."

फोन चाळला. कुठं मी पंगतीत वाढतेय, कुठं पाठमोरी, कुठं नुसता कोपर. एकटीचा, समोर बघणारा, पुरत्या उजेडातला एकच निघाला. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी काढलेला. चष्मा आहे त्यात.

तोच पाठवला.