२८ फेब्रुवारीची कुलपं

डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनाचा थाट मोठा असायचा, पण आम्ही विज्ञानाची माणसं वाट बघायचो ती २८ फेब्रुवारीची. १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून हा राष्ट्रीय विज्ञान दिन. आमच्या पेठेतल्या शाळेत त्या दिवशी विज्ञान जत्रा भरायची. खाली मैदानात भेळ आणि पाचवीतल्यांचे ज्वालामुखी, वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत नववीची उजळणी. ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा धडा तोवर शिकवून झालेला असायचा आणि बराचसा विसरलेलाही. म्हणून आम्ही तिथे ‘सुटकेची खोली’ करायचो. पाच जणांचा गट, पंधरा मिनिटं आणि चार आकडी कुलूप लावलेली लोखंडी पेटी. कुलपं बोहरी आळीतली. दारावर दहावीच्या मुलांनी लावलेली पाटी असायची, ‘कुलूप ओढून उघडत नाही. खात्री करण्याची गरज नाही.’

पहिल्या आराखड्यात चार बाटल्यांवर एकेक आकडा होता आणि आम्लापासून आम्लारीपर्यंत त्या क्रमाने लावल्या की कुलूप उघडणार होतं. गणिताचे सर चहाचा कप घेऊन आत आले, बाटल्यांकडे बघून म्हणाले, “अहो बाई, चार आकड्यांचे क्रम चोवीसच होतात. त्यात एक बाटली ओळखली, की उरले सहा. मुलं रसायनशास्त्र कशाला करतील? कुलूपच फिरवत बसतील.” मग तिथेच उभ्याउभ्या त्यांनी तोड काढली. प्रत्येक बाटलीवर तीन आकडे लिहायचे, आम्ल असेल तर पहिला, उदासीन असेल तर दुसरा, आम्लारी असेल तर तिसरा. दोन बाटल्या एकाच जातीच्या असू शकतात, हे आधीच सांगून टाकायचं. आता शक्यता झाल्या एक्क्याऐंशी. शिवाय कुलपाला हात लावण्याआधी कारण लिहिलेली चिठ्ठी द्यायची आणि आकडा चुकला तर दोन मिनिटं नुसतं बसून राहायचं. नववीच्या मुलांना यापेक्षा कडक शिक्षा नाही.

बाटल्यांत काय असायचं तेही सांगते. पहिलीत शंभर मिलिलिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, दुसरीत साधारण दोन ग्रॅम धुण्याचा सोडा, तिसरीत मीठ, चौथीत चमचाभर खायचा सोडा. चारही पारदर्शक, दिसायला सारख्या. लिटमस द्यायचंच नाही. परीक्षानळ्या, ड्रॉपर आणि फिनॉल्फ्थॅलिनची एक छोटी बाटली, बस्स. कुलपाच्या किल्ल्या त्या एका दर्शकात होत्या.

कारण या दर्शकाबद्दल मुलांच्या डोक्यात एक पक्कं समीकरण बसलेलं असतं, गुलाबी म्हणजे आम्लारी, रंगहीन म्हणजे आम्ल. त्यातलं पहिलं बरोबर, दुसरं नाही. फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी व्हायला लागतं ते सामू साधारण ८.२ च्या पुढे. धुण्याच्या सोड्याचा सामू ११ च्या आसपास, तो झक्क गुलाबी होतो. खायचा सोडाही आम्लारीधर्मीच, पण त्याचा सामू ८.३ च्या जवळपास, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. नळीमागे पांढरा कागद धरला तर जेमतेम गुलाबी झाक, नाहीतर काहीच नाही. थेंब टाकले की दुसरी बाटली गुलाबी, बाकी तिन्ही गप्प. इथे गट अडायचा. आणि तो अडावा म्हणून तर सगळा खटाटोप.

वाट अशी होती. जी गुलाबी झाली, तीच आता दर्शक म्हणून वापरायची. तिचे थेंब उरलेल्या नळ्यांत टाकले, की पहिलीत ते फसफसतात आणि रंग जागीच जातो, म्हणजे ते आम्ल. तिसरीत रंग टिकतो, चौथीत फिका दिसतो. आता आम्ल सापडलंय, तर त्याचे थेंब तिसरीत आणि चौथीत टाकून बघा. चौथी लगेच फसफसते, कारण ती आम्लाचं उदासिनीकरण करते आहे. तिसरीला कशाचंच काही नाही. एखादा चौकस मुलगा हेच थेंब दुसऱ्या बाटलीतही टाकायचा आणि गोंधळायचा, कारण तिथे सुरुवातीला बुडबुडे येतच नाहीत. धुण्याच्या सोड्यात थोडंसंच आम्ल पडलं, तर आधी त्याचा खायचा सोडा होतो. वायू सुटतो तो त्यानंतर. उलटं, सोड्याचे थेंब आम्लात टाकले तर पहिल्या क्षणापासून फसफस. कोणात काय ओतलं यावर इतका फरक पडतो, हे फळ्यावर कितीही सांगा, पटत नाही.

एका वर्षीचे आकडे मला अजून पाठ आहेत. पहिलीवर ६-१-४, दुसरीवर ३-८-५, तिसरीवर ९-२-७, चौथीवर १-४-८. उत्तर ६५२८. पण मजा चुकीच्या उत्तरांत होती. कोणी ६५२४ लावलं, की समजावं, खायच्या सोड्याला उदासीन ठरवलंय. ६५९१ लावलं, म्हणजे रंगहीन ते सगळं आम्ल. चिठ्ठी वाचायच्या आधीच मुलांचं डोकं कुठे अडकलंय ते कळायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात काय पुन्हा घ्यायचं, ते मी त्या आकड्यांवरूनच ठरवायचे.

घोटाळे व्हायचेच. फिनॉल्फ्थॅलिन स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असतं, पाण्यात ते फारसं विरघळत नाही. कोणी उत्साहात अर्धा ड्रॉपर रिकामा केला, की नळीत दुधाळ ढग यायचा आणि चिठ्ठीवर ‘रंग पांढरा झाला’ अशी नोंद व्हायची. तेव्हापासून नियम, दोन थेंब, तिसरा नाही. चाखून बघायचा मोह मात्र एका वाक्यात सुटला. “पूर्वी हे जुलाबाचं औषध म्हणून द्यायचे,” एवढं खरं सांगितलं, की हात तोंडाकडे जाणं बंद. (धुण्याच्या सोड्याने जीभ भाजते, हे तितकंच खरं कारण, पण जुलाबापुढे त्याचा प्रभाव पडायचा नाही.)

सगळ्यात फसवा घोटाळा मात्र कुलपाला कळलाच नव्हता. त्या वर्षी पहिले गट सहा-सात मिनिटांत हसत बाहेर येत होते. पेटी उघडत होती, आकडा बरोबर होता. पण चिठ्ठ्यांवर फसफशीचा उल्लेखच नाही, नुसतं ‘दोन बाटल्या गुलाबी’. दहावीच्या मुलांनी सोडा लवकर विरघळावा म्हणून पाणी चांगलं कढत घेतलं होतं. तापवलं की खायच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, त्याचा काही भाग धुण्याचा सोडा होतो, सामू वर चढतो आणि चौथी बाटलीही गुलाबी! सापळाच नाहीसा झाला होता आणि उत्तर तेच राहिलं होतं. मग थंड पाण्यात ताजा सोडा ढवळला आणि प्रत्येक गटाआधी चौथ्या बाटलीवर दोन थेंब टाकून बघायचं काम एका मुलीला दिलं. पुढचा गट बाराव्या मिनिटाला भांडत होता, तेव्हा आम्ही निश्चिंत होऊन वडे खायला गेलो.

आकडे फुटायचे, हे सांगायला नकोच. बाहेर आलेल्याचा धाकटा भाऊ रांगेत असायचाच. त्यावर उपाय प्रयोगशाळेतल्या मामांचा. ते प्रत्येक गटानंतर लेबलं बाटल्यांवरून काढून अदलाबदल करून चिकटवायचे, नवा आकडा मला कानात सांगायचे आणि कुलूप त्यावर लावून ठेवायचे. एकदा त्यांनी सांगितलेला आकडा मी तपासायला गेले, तर म्हणाले, “बाई, चौथीत आम्लारी धरलाय मी. रंगावर जाऊ नका.”