तुम्ही विचारलंत म्हणून: शोरील, स्कॉलरशिप आणि न गेलेला मी

"दादा, बाहेर फिल्मचं मास्टर्स करायचंय, शोरील कशी कापू? स्कॉलरशिप मिळते ना? आणि तुला तर ॲडमिशन मिळाली होती, मग गेला का नाहीस?"

शोरीलचं आधी सांगतो, ते सोपं आहे. कॅमेरा, एडिटिंग, ॲनिमेशन, व्हीएफएक्सला जाणार असाल तर कापा, तिथे दोन मिनिटांत हात कळतो. पण डिरेक्शन किंवा डॉक्युमेंटरीला जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी पूर्ण फिल्म बघायची असते, सहा मिनिटांची का असेना, पण तुम्ही सुरू करून तुम्हीच संपवलेली. माझ्याकडे लग्नाचे ड्रोन शॉट आणि बिल्डरच्या सँपल फ्लॅटचे शॉट म्युझिकवर कापलेली एक झकास रील होती, तिच्यावर मला पुण्यात कामं मिळायची, घरी पाहुणे आले की आई ती लावायची. तिच्यातून मला उत्तम गिंबल चालवता येतो एवढंच कळत होतं. मी काय बघतो, कोणाकडे बघतो, ते नाही.

म्हणून मी सांगलीच्या एका बँड पार्टीवरची माझी अकरा मिनिटांची फिल्म पाठवली. पावसाळ्यात मुहूर्त नसतात तेव्हा ही माणसं काय करतात, एवढंच होतं त्यात. एक टेम्पो चालवतो, एक युनिफॉर्मची बटणं लावत बसतो.

इंटरव्ह्यू ऑनलाइन होता, समोर तिघं जण. युरोपातल्या तीन फिल्म स्कूल मिळून चालवतात असा कोर्स होता, नाव सांगत नाही, विचारू पण नका. मी रात्रभर लेन्स, लायटिंग, इन्फ्लुएन्सेस असली उत्तरं पाठ केलेली. त्यातल्या एका बाईंनी माझीच फिल्म स्क्रीनवर लावली, चौथ्या मिनिटापासून. तिथे मी बँड मास्तरांना विचारतो की एका लग्नाचे तुमच्या वाट्याला किती येतात, ते शेजारच्या ढोलवाल्याकडे बघतात, मग ब्रासोचं फडकं घेऊन कॉर्नेट घासायला लागतात, आणि कट.

"इथे का कापलं?"

मी म्हटलं ऱ्हिदमसाठी. बाई गप्प. मग म्हणाल्या, त्यानंतर काय झालं ते सांग. त्यानंतर मास्तरांनी आकडा सांगितला होता आणि लगेच म्हणाले होते, हे दाखवू नको बाबा, पोरांना कळलं तर उद्या कोणी येणार नाही. म्हणून कापलं होतं. ऱ्हिदमबिदम काही नव्हतं, ते मी स्मार्ट दिसायला म्हटलं. मग पुढची पंधरावीस मिनिटं फक्त यावरच बोलणं झालं. आकडा दाखवायचा नाही तर प्रश्न तरी का ठेवलास? ढोलवाल्याला तो प्रश्न ऐकू आलाच ना? मास्तरांनी फिल्म बघितली का, काय म्हणाले? मी खरं ते सांगितलं, मास्तर म्हणाले माझा चेहरा एवढा पिवळा का दिसतोय. तिघंही हसले. कॅमेरा कुठला वापरला हे कोणी विचारलं नाही.

त्या फिल्मवर इतकं नीट कोणी बोललं नव्हतं, आजवर नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण "बाहेर जाऊन काय वेगळं शिकवणार, यूट्यूबवर सगळं आहे" म्हणणाऱ्यांना माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

मग मेल आला. सिलेक्शन झालं, स्कॉलरशिपसाठी रिझर्व्ह लिस्ट. लिस्ट हलली नाही.

आता इथे नीट वाचा, कारण यातच सगळे अडकतात. असे अनेक कोर्स इरास्मुस मुंडुस या युरोपियन युनियनच्या योजनेत येतात, त्यांची स्कॉलरशिप चांगली असते, फी माफ आणि महिन्याला 1,400 युरो. डॉक्युमेंटरीसाठी डॉकनोमॅड्स, सिनेमॅटोग्राफीसाठी व्ह्यूफाइंडर हे त्यातलेच. पण एकाच देशाच्या लोकांना एकूण स्कॉलरशिपपैकी साधारण दहा टक्क्यांच्या वर देता येत नाहीत असा नियम आहे. वर्षाला मोजक्याच स्कॉलरशिप, म्हणजे तुमची स्पर्धा सगळ्या जगाशी आहेच, पण त्याहून जास्त फॉर्म भरणाऱ्या दुसऱ्या भारतीयांशी आहे. माझं त्यामुळेच अडलं असं मी म्हणत नाही, मला कोणी कारण दिलेलं नाही. पण ॲडमिशन आणि पैसे हे दोन वेगळे निकाल असतात आणि पेढे पहिल्यावरच वाटले जातात, आमच्याकडेही वाटले.

बँकेत गेलो. साहेबांनी विचारलं प्लेसमेंट किती टक्के. साडेसात लाखांच्या वर तारण लागेल म्हणाले, शेतजमीन चालत नाही, आणि गावठाणातलं घर चार चुलत्यांच्या नावावर. विषय संपला. "एज्युकेशन लोन काढ की" म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या घराचा उतारा बघावा.

बाकीच्या स्कॉलरशिपही शोधल्या, नाही असं नाही. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग एक वर्षाच्या मास्टर्सला मिळते आणि आधी 2,800 तास कामाचा अनुभव लागतो, फ्रीलान्सवाल्याने ते तास जमवून दाखवायचे. पण ब्रिटनचं नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूल, म्हणजे एनएफटीएस घ्या, तिथले बहुतेक एमए दोन वर्षांचे, म्हणजे ते बाद. आपल्याकडच्या सरकारी परदेशी शिष्यवृत्तीला क्यूएस या जगभरातल्या युनिव्हर्सिट्यांच्या रँकिंगची अट असते, आणि एनएफटीएस किंवा पोलंडचं वुच फिल्म स्कूल त्या जनरल यादीत नसतंच, कारण त्या युनिव्हर्सिट्या नाहीत, फक्त सिनेमा शिकवतात. म्हणजे जी शाळा फिल्मसाठी नावाजलेली ती स्कॉलरशिपच्या कागदावर अस्तित्वातच नाही. यावर मी तेव्हा जाम चिडायचो. आता वाटतं की रँकिंग लावणाऱ्या बाबूने दुसरं काय बघायचं होतं, आमच्या फिल्म? तरी राग जात नाही, हे पण खरं.

लिहिणाऱ्यांचं जरा बरं आहे. अमेरिकेत क्रिएटिव्ह रायटिंगच्या एमएफएला, म्हणजे तिथल्या मास्टर्सला, काही ठिकाणी फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो, आयोवा, मिशिगनचा हेलन झेल प्रोग्रॅम वगैरे. याला कारण आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांना निबंध लिहायला शिकवणारे लोक युनिव्हर्सिटीला ढिगाने लागतात आणि ते काम एमएफएवाल्यांकडून करून घेता येतं. फिल्मवाल्यांकडून असलं काम फारसं निघत नाही, उलट त्यांना कॅमेरे आणि स्टुडिओ लागतात. पण जागा अगदी थोड्या असतात आणि सगळा खेळ त्या रायटिंग सँपलवर, फिक्शनला साधारण वीस-तीस पानं, डबल स्पेस, इंग्रजीत. माझ्या एका मैत्रिणीने मराठी कथा स्वतःच इंग्रजीत करून पाठवल्या, आणि प्रत्येक वाक्यात भाकरी, ओटी, सासुरवास समजावत बसली. अर्धी पानं त्यातच गेली. मी तिला म्हटलं होतं समजावू नकोस, तिने ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर न समजावता मिळालं असतं का हे मला पण माहीत नाही.

"मग न जाऊन बरं झालं का?" हे पण विचारता. कधी हो वाटतं, कामं चालू आहेत, आईबाबा इथे आहेत. कधी लग्नाचं फुटेज कापताना एखादा सासरा कॅमेऱ्यापासून तोंड फिरवतो, मी सवयीने कापतो, आणि त्या बाई असत्या तर काय विचारलं असतं असं वाटून पुन्हा अनडू करतो. क्लायंटला तो शॉट नकोच असतो, शेवटी काढावाच लागतो.

लिंक पाठवणार असाल तर पूर्ण फिल्म पाठवा, सबटायटल फिल्ममध्येच बर्न केलेली, पासवर्ड त्याच मेलमध्ये, आणि तुम्ही त्यात नक्की काय केलं ती एक ओळ. मी बघतो, वेळ लागेल. स्कॉलरशिपचं मला विचारू नका, त्या कोर्सच्या ऑफिसला मेल टाका आणि सरळ विचारा की गेल्या वर्षी भारतातल्या किती जणांना दिली.