रविवारचं सुतारकाम आणि सोमवारचा हिशेब

सतरा वर्षं मी हिशेबतपासनीस होतो. एक्केचाळिसाव्या वर्षी फर्निचर बनवायचं ठरवलं तेव्हा सवयीप्रमाणे आधी कागदपत्रं गोळा केली, म्हणजे मधल्या वयात क्षेत्र बदललेल्या लोकांची आत्मकथनं आणि मार्गदर्शनाची पुस्तकं. अकरा वाचली. दुसऱ्या फेरीत पेन्सिल घेऊन बसलो आणि प्रत्येक पुस्तकात तीनच गोष्टी शोधल्या. बदलाचा पहिला विचार आणि नव्या कामाचे पहिले पैसे यांत किती काळ गेला? त्या काळात घर कुणाच्या पैशावर चाललं? आणि पहिलं काम कुणी दिलं, अनोळखी माणसानं की ओळखीच्यानं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी एका परिच्छेदात उरकलेलं होतं. राजीनामा, मग खिडकीतून दिसणारा पाऊस किंवा समुद्र, आणि पुढच्या प्रकरणात थेट यश. दुसऱ्याचं उत्तर आभाराच्या पानावर सापडायचं, जिथे जोडीदाराला धन्यवाद दिलेले असत. लेखक खोटं बोलत होते असं नाही. पण ज्यांचा बदल फसला ते सहसा पुस्तक लिहीत नाहीत, आणि ज्यांचा जमला त्यांना मधले महिने नंतर आखूड वाटत असावेत. मला नेमके तेच महिने हवे होते.

रविवारी घरी लाकूड कापायला मला सात-आठ वर्षांची सवय होती. त्यावरून मी ठरवलं होतं की मला हे काम आवडतं. रविवारची परीक्षा मुळात सोपी असते, हे तेव्हा कळत नव्हतं. वस्तू आपण निवडतो, मुदत नसते, कंटाळा आला की चहा करायचा. म्हणून दोन आठवड्यांची रजा काढून एका जुन्या कारागिराच्या शेडमध्ये बिनपगारी राबलो. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "लाकूड आवडतं हे ठीक आहे हो. पॉलिशपेपर आवडतो का ते बघा आधी." बारा दिवसांपैकी सात दिवस मी घासत होतो. रंधा हातात आला तो नवव्या दिवशी, तोही धार लावायला. घरी आल्यावर खांदे दुखायचे, पण सकाळी जायचा कंटाळा आला नाही. कुठल्याही कौशल्य-चाचणीनं मला इतकं स्पष्ट उत्तर दिलं नसतं.

मग पैसे. रकमांऐवजी मी एकच माप धरलं: घरखर्चाचा एक महिना. माझी शिल्लक अठरा महिन्यांची होती. त्यातले तीन महिने यंत्रं आणि हत्यारांना लागणार होते. आणखी तीन आजारपण आणि अडीअडचणीला, त्यांना हात लावायचा नाही. उरले बारा. नव्या कामातून काहीच आलं नाही तर बारा महिने टिकणार, घरखर्चाचा एक तृतीयांश आला तर अठरा, निम्मा आला तर चोवीस. कागदावर छान दिसलं. बायकोनं वाचून एकच विचारलं, "आणि थांबायचं कधी?" तिच्यामुळे खाली एक ओळ वाढली: शिल्लक चार महिन्यांवर आली की अर्धवेळ हिशेबाचं काम पुन्हा धरायचं, त्यावर वाद घालायचा नाही. राजीनाम्याआधी ही ओळ लिहिली हे बरं झालं. नंतर प्रत्येकाला वाटतं की अजून एक ऑर्डर आली की जमेल.

पहिली ऑर्डर ओळखीतूनच आली, सहा माणसांचं जेवणाचं टेबल. तीस तासांचा अंदाज धरून मी भाव सांगितला. वहीत प्रत्यक्ष तास असे पडले: कापणं, सांधे आणि जुळणी 38, ग्राहकाशी बोलणं आणि आराखडे 9, लाकूड निवडून आणणं 7, पॉलिश 11, पोचवणं आणि बसवणं 6. एकूण 71. सांध्यांच्या वेळेचा अंदाज थोडा चुकला होता, पण खरी चूक वेगळीच होती. उरलेले 33 तास मी कामात धरलेच नव्हते. रविवारी ग्राहक नसतो, पोचवायचं नसतं, त्यामुळे ते तास मला कधी दिसलेच नव्हते.

चार महिन्यांनी त्यांचा फोन आला. टेबलाच्या फळीला मधोमध, रेषांच्या दिशेनं, हातभर चीर गेली होती. कारण समजायला वेळ लागला नाही, लाज मात्र बरीच वाटली. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. माझ्या दमट शेडमध्ये त्यात सुमारे 13 टक्के ओल होती, त्यांच्या वातानुकूलित खोलीत ती 9 टक्क्यांवर आली. नव्वद सेंटीमीटर रुंदीची फळी अशा वेळी सहा-सात मिलिमीटर आकसू शकते. आणि मी ती खालच्या चौकटीला गोल भोकांतून स्क्रूनी घट्ट आवळली होती. फळीला सरकायला जागा मिळाली नाही, म्हणून ती फाटली. फळी काढली, चीर कापून दोन्ही कडा पुन्हा रंधून चिकटवल्या, चौकटीतली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेनं लांबट केली आणि वॉशर घालून स्क्रू बसवले. आणखी 19 तास गेले, अर्थात फुकट. तीस तासांच्या पैशात नव्वद तास. त्यानंतर ओल मोजायचं मीटर लावल्याशिवाय मी एकही फळी कापली नाही.

त्या वहीमुळे भाव ठरवायची रीत बदलली. आठवड्याला मी सुमारे 48 तास काम करत होतो, त्यातले पैसे मिळणारे जेमतेम 22. महिन्याचे साधारण 95 तास. घरखर्च आणि शेडचा खर्च यांना भागायचं ते या 95 नं, दोनशेनं नव्हे. नव्या भावाला पहिल्या तीन ग्राहकांपैकी दोघांनी नकार दिला. वाईट वाटलं, पण जुन्या भावानं मी ऑर्डर मिळवत-मिळवत बुडालो असतो, हे समोर लिहिलेलं होतं.

पुस्तकांत जुन्या क्षेत्रातून नव्यात नेण्याजोग्या कौशल्यांवर पानंच्या पानं असतात. माझ्या यादीत बारकाई, शिस्त, संयम असं बरंच होतं. प्रत्यक्षात कामाला आली ती रोज संध्याकाळी तास लिहायची सवय आणि थकलेलं बिल न संकोचता मागायची सवय. बारकाई म्हणाल तर आकड्यांतली होती, पटाशीच्या धारेतली नव्हती. ती नव्यानंच शिकावी लागली.

पहिल्या चार महिन्यांत घरखर्चाचा पाचवा हिस्सा निघाला, पुढच्या आठांत निम्मा. वर्ष संपलं तेव्हा बारातले पावणेपाच महिने उरले होते. ती ओळ अगदी जवळ आली होती. थांबलो नाही, पण चारची वाटही पाहिली नाही: दोन छोट्या वर्कशॉपचे हिशेब आठवड्यातून एक दिवस लिहायला घेतले. दोघांच्याही वहीत पोचवण्याचे तास नव्हते.

ते टेबल गेल्या आठवड्यात पाहून आलो. चिकटवलेली जागा हाताला लागत नाही, पण उजेड आडवा पडला की पॉलिशचा रंग तिथे किंचित गडद दिसतो. त्यांना तो दिसत नाही म्हणतात.