डॉक्सीची कॅप्सूल, एक घोट दूध आणि छातीतली कळ

संध्याकाळी माझ्या औषधांच्या दुकानात गर्दी असताना ओळखीतली एक कॉलेजची मुलगी आली आणि म्हणाली, "काका, अ‍ॅसिडिटीचं ते पातळ औषध द्या ना, दोन दिवस झाले छातीत जळजळतंय." एरवी असं औषध मागितलं की आम्ही देऊन मोकळे होतो, त्यात काही विशेष नाही. पण ती बोलता बोलता थुंकी गिळायला थांबत होती आणि दर वेळी चेहरा वेडावाकडा होत होता, ते काही मला बरं वाटेना. अ‍ॅसिडिटीत जळजळ वर येते, आंबट ढेकर येतात, पण गिळताना प्रत्येक वेळी एकाच जागी कळ येत नाही सहसा. म्हटलं, दुखतं कुठे ते बोट ठेवून दाखव. तिने छातीच्या मधल्या हाडावर, बरोब्बर मध्ये बोट ठेवलं. आणि कधीपासून म्हणशील तर "परवा रात्री तीनला झोपेतून जागी झाले तेव्हापासून", म्हणजे हळूहळू वाढत गेलेलं नाही, एकदम सुरू झालेलं. साधं कोमट पाणी पण उतरताना टोचतंय म्हणाली.

मग मी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? आधी नाही म्हणाली. गोळ्या म्हटलं की लोकांना बीपी-शुगरच्याच आठवतात, पिंपल्सची गोळी मोजतच नाहीत. पुन्हा खोदून विचारलं तेव्हा पर्समधून पाकीट काढलं, डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, कॅप्सूल, स्किनच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरीकडून घेतलेली. पाकिटावर पेनाने लिहिलेलं "रोज १, जेवणानंतर". आता यात चुकीचं काही नाही, पण अपुरं आहे. कारण तिचं जेवणानंतर म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर, अभ्यास-मोबाईल सगळं आटपून, साडेअकराला गादीवर बसून एका घोटाबरोबर कॅप्सूल तोंडात टाकायची आणि लगेच आडवं व्हायचं. तो घोट पण पाण्याचा नाही, दुधाचा, कारण अँटिबायोटिक पोटाला त्रास देतं म्हणून दुधाबरोबर घे असं घरी कुणीतरी सांगितलेलं.

होतं काय ते सांगतो. आपल्याला वाटतं गोळी गिळली म्हणजे ती पोटात गेली. तसं नसतं, घोट कमी असेल आणि लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेतच अडकून राहू शकते, बहुतेक वेळा मधल्या भागात, जिथे शेजारून मोठी धमनी वळते आणि नळी जरा दाबली जाते. कॅप्सूलचं जिलेटिनचं कवच ओलं झालं की चिकट होतं, भिंतीला पोस्टाच्या तिकिटासारखं चिकटतं. नेहमीची जी डॉक्सी असते, हायक्लेट नावाच्या क्षाराच्या रूपातली, ती पाण्यात विरघळली की चांगलीच आम्लधर्मी असते. ती तिथेच एका ठिकाणी विरघळली की आतलं अस्तर भाजून निघतं, जखम होते. झोपेत आपण गिळतो पण कमी, लाळ पण कमी सुटते, त्यामुळे धुऊन काढायला काही नाही. म्हणून रात्री तीनला कळ. गोळीसुद्धा अडकते बरं का, फक्त कॅप्सूलच नाही.

आता ती जे मागत होती त्याबद्दल. ते पातळ अँटासिड दिलं असतं तर जरा गार वाटलं असतं, ती घरी जाऊन त्या रात्री परत तशीच कॅप्सूल घेऊन आडवी झाली असती आणि जखमेवर जखम. शिवाय त्यात अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम असतं, ते डॉक्सीला धरून ठेवतं आणि औषध अंगात शोषलंच जात नाही. दुधातलं कॅल्शियम पण तेच करतं, जुन्या टेट्रासायक्लिनइतकं जोरात नाही, डॉक्सीच्या बाबतीत साधारण पाचवा हिस्सा कमी होतो, पण पिंपल्सना महिना-महिना औषध चालतं तेव्हा रोज कशाला तेवढं वाया घालवायचं. लोहाच्या गोळ्या तर याहून वाईट. दूध, दही, पनीर, कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्यात आणि डॉक्सीत दोन-तीन तास अंतर पाहिजे. साध्या जेवणाबरोबर घेतली तर चालते, उलट मळमळ कमी होते, फक्त त्या जेवणात दूध-दही नको.

मी तिला औषध दिलं नाही. म्हटलं आज रात्रीची कॅप्सूल घ्यायची नाही, आत्ता फॅमिली डॉक्टरांकडे जा, पाकीट घेऊन जा आणि मला सांगितलंस तसंच त्यांना सांग, "रात्री झोपताना घेते" हे आवर्जून सांग. थुंकी पण गिळता आली नाही, उलटीत रक्त दिसलं, शौचाला काळं झालं किंवा छातीतली कळ पाठीत जाऊन ताप आला तर उद्याची वाट न बघता थेट हॉस्पिटल. तिची आई बरोबर होती, त्यांना पण हेच सांगितलं.

निघता निघता तिच्या हातांकडे लक्ष गेलं. हाताची मागची बाजू लाल, तापलेली, घड्याळाच्या पट्ट्याखाली मात्र नेहमीचा रंग. म्हणाली ग्राउंडवर थोडा वेळच होते, नाकावर पण जळतंय, क्रीममुळे असेल. पण क्रीम ती फक्त चेहऱ्याला लावते, हाताला लावतच नाही, म्हणजे हे क्रीमचं नाही, डॉक्सीचं आहे. ही गोळी चालू असताना ऊन एरवीपेक्षा लवकर आणि जास्त भाजतं, मुख्यतः यूव्हीए किरणांनी, आणि ते काचेतूनही येतात, त्यामुळे गाडीत खिडकीशी बसणाऱ्यालाही जपावं लागतं. कधी नखं पण बोटापासून सुटायला लागतात, दुखतात. पूर्ण बाह्या, टोपी, दुपारचं ऊन टाळणं, आणि सनस्क्रीन घेताना नुसता एसपीएफ आकडा बघायचा नाही, ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं बघायचं, ३० किंवा जास्त, बाहेर असताना दर दोन तासांनी परत लावायचं. गोळी बंद केल्यावरही काही दिवस जपायचं, कारण औषध लगेच अंगातून जात नाही.

डॉक्टरांनी डॉक्सी थांबवली, पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी दिली, काही दिवस गार आणि मऊ खायला सांगितलं, आठवड्यात फरक नाही पडला तर दुर्बिणीने बघू म्हणाले. त्याची गरज लागली नाही, गिळताना दुखणं आठवड्याच्या आतच गेलं. पुढे स्किनच्या डॉक्टरांनी विचारपूर्वक परत सुरू केली, या वेळी कॅप्सूलऐवजी गोळी, तीही सकाळी. ती चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा मी पाकिटावर लिहून दिलं: सकाळी खाल्ल्यावर, आधी एक घोट, मग गोळी, मग मोठा पेला भरून पाणी, नंतर किमान अर्धा तास बसून किंवा चालत, आडवं व्हायचं नाही, दूध दोन तासांनी. तिने विचारलं सकाळी विसरले तर रात्री घेऊ का? म्हटलं आठवेल तेव्हा घे, पण झोपायच्या किमान तासभर आधी जमत असेल तरच, नाहीतर ती सोडून दे आणि दुसऱ्या दिवशी एकच घे, दोन नाही.

तेव्हापासून डॉक्सी देताना मी "रात्री झोपताना घेता का" हे विचारल्याशिवाय पाकीट हातात देत नाही.