तेरा एप्रिल जागचा हलेना

सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबचा साचा बांधायची, तारीख बारा दिवस पुढे ढकलली आणि फरशी संपायची तारीख तशीच राहिली, तेव्हा केबिनमधले सगळे खूश झाले. शेठ ग्राहकाला म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं? आमची मॅडम भरून काढेल." मॅडमने काहीच भरून काढलं नव्हतं. मी फक्त एका चौकटीत १७ फेब्रुवारी टाइप केलं होतं.

काम नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलचं, आणि विषय पहिल्या मजल्याच्या स्लॅबचा. सेंट्रिंगवाला ५ फेब्रुवारीला लागणार होता. सिंहस्थ २०२७ मध्ये असला तरी त्याची कामं आत्तापासून कारागीर ओढून घेतायत, त्यामुळे हा गडी दुसरीकडे अडकला आणि १७ तारखेचा वायदा करून मोकळा झाला. ग्राहकाला एवढंच हवं होतं की शेवट कुठे जातो. वेळापत्रकाची एक्सेल शीट मी बनवलेली, प्रोजेक्टरवर मीच चालवत होते.

शीटमध्ये हाताने लिहिलेली तारीख एकच असते, पहिल्या कामाची सुरुवात, म्हणजे F4. बाकी सगळ्या तारखा आधीच्या ओळीवरून निघतात. C मध्ये कामाचे दिवस, E मध्ये आधीचं काम संपल्यावर किती थांबायचं ते दिवस, F मध्ये सुरुवात, G मध्ये शेवट. L मध्ये सुट्ट्यांची यादी. पाचव्या ओळीची सूत्रं अशी:

```
F5: =WORKDAY.INTL(G4+E5,1,14,$L$2:$L$12)
G5: =WORKDAY.INTL(F5-1,C5,14,$L$2:$L$12)
```

यातला १४ म्हणजे बुधवारची सुट्टी. रविवार हवा असेल तर ११ लिहायचं. आमची माणसं रविवारी कामावर असतात आणि बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजाराला जातात, आठवड्याचा भाजीपाला त्याच दिवशी भरतात. बाहेरून आलेले कन्सल्टंट रविवार धरून प्रोग्रॅम करतात आणि मग बुधवारी साइटवर येऊन विचारतात, माणसं कुठे गेली. सुट्ट्यांच्या यादीतही तसंच. नाशकात खरा रंग रंगपंचमीला खेळतात, रहाडी म्हणजे रंगाचे जुने हौद उघडतात, त्या दिवशी साइटवर चिटपाखरू नसतं. म्हणून माझ्या यादीत ८ मार्च आहे. ही यादी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये आयती मिळत नाही, ती दरवर्षी कालनिर्णय समोर ठेवून हातानेच भरावी लागते.

G5 मधल्या F5-1 वर जरा थांबते, कारण इथे भलेभले घसरतात. हे फंक्शन दिलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतं. ५ मार्चचं एका दिवसाचं काँक्रीट तसंच टाकलं तर शेवट ६ मार्च दाखवतं. प्रत्येक ओळीत असा एकेक दिवस चढत गेला की सात ओळींत कामाचे सात दिवस हवेतून तयार होतात. यावर काहीजण मुदतीतून एक वजा करतात. मग एका दिवसाच्या कामाला शून्य उरतो, आणि शून्य दिलं की हे फंक्शन तीच तारीख परत देतं, ती सुट्टीची असली तरी. एक दिवस मागे उभं राहून मोजायला लागलं की दोन्ही भानगडी मिटतात.

पण मला खरा अभिमान आहे तो E रकान्याचा. मी येण्याआधीच्या शीटमध्ये स्लॅब भरल्यावर 'क्युअरिंग, १४ दिवस' अशी कामाची वेगळी ओळ होती आणि ते चौदा दिवस सुट्ट्या वगळून मोजले जायचे. आता काँक्रीटला बुधवारचा बाजार नसतो की पाडवा नसतो, ते रोज पक्कं होत असतं. ५ मार्चला भरलेल्या स्लॅबचे चौदा दिवस १९ मार्चला भरतात. त्या दिवशी गुढीपाडवा, आणि टेकू काढायला सुरुवात दुसऱ्या दिवशी, २० मार्चला. जुन्या पद्धतीने हीच तारीख २४ मार्च आली असती. चार दिवसांचं प्लेटा आणि टेकूंचं भाडं, शिवाय खालचं वीटकाम तेवढे दिवस अडून. म्हणून थांबायचे दिवस साध्या बेरजेत, G6+E7, आणि त्यानंतरचा पहिला कामाचा दिवस WORKDAY.INTL ने. चौदा हा आकडा मात्र माझा नाही. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात साडेचार मीटरपेक्षा जास्त गाळ्याच्या स्लॅबला टेकू किमान १४ दिवस ठेवायला सांगितलेत, साडेचारपर्यंत ७ दिवस. तेही साधं ओपीसी सिमेंट असेल आणि हवा १५ अंशांच्या खाली जात नसेल तर. जानेवारीत नाशिकची थंडी याच्या खूप खाली जाते, म्हणून E मधला आकडा दर स्लॅबला आरसीसी कन्सल्टंटकडून लेखी घेते. तो आकडा बदलायला मी भाऊसाहेबांनाही देत नाही.

भाऊसाहेब म्हणजे आमचे सुपरवायझर. तीस वर्षं साइटवर काढलेला माणूस.

तर प्रोजेक्टरवर काय दिसत होतं ते सांगते. १७ फेब्रुवारी टाकल्यावर सेंट्रिंग २७ तारखेला संपलं, लोखंड ३ मार्चला, काँक्रीट ५ मार्च, टेकू २० आणि २१ मार्च, वीटकाम ३० मार्चपर्यंत. मग सात दिवस पाणी मारायचे आणि प्लास्टर ७ एप्रिल ते १६ एप्रिल. इथपर्यंत सगळं शिस्तीत सरकलं होतं. आणि दहाव्या ओळीत फरशी: सुरुवात १३ एप्रिल, शेवट २४ एप्रिल. म्हणजे प्लास्टर संपायच्या आत फरशी सुरू, तीही कोरड्या आकड्यांत, कुणाला न खटकता. सगळ्यांची नजर शेवटच्या चौकटीवर होती, आणि तिथली तारीख सगळ्यांना हवी तीच होती. उशीर दाखवला असता तर त्याच लोकांनी शीटचा प्रत्येक आकडा तपासायला लावला असता.

मी शोधत बसले नाही. अशा वेळी एकच करते, F4 मध्ये वर्ष बदलते. २०२६ चं २०२७ केलं. सगळ्या ओळी पुढच्या वर्षी गेल्या, दहावी २०२६ मध्येच ठाण मांडून बसली. जी ओळ मागे राहते तिथे कुणीतरी सूत्रावर तारीख टाइप केलेली असते. रोजच्या तपासणीसाठी बाजूच्या रकान्यात =ISFORMULA(F10) लिहून ठेवता येतं, ते FALSE म्हणालं की साखळी तुटली असं समजायचं. पण केबिनमध्ये लोक बघत असताना वर्ष बदलून दाखवण्याइतकं पटणारं दुसरं काही नाही.

सूत्र परत ओढलं. प्लास्टर १६ एप्रिल, सात दिवसांनी २३, फरशी २४ एप्रिलला सुरू आणि ४ मे रोजी संपणार. मध्ये बुधवार आणि महाराष्ट्र दिन. सुरुवातीला बारा दिवस गेले आणि शेवटी दहाच, कारण जुन्या वेळापत्रकात रंगपंचमी आणि पाडवा कामाच्या आड येत होते, ते आता स्लॅबच्या चौदा दिवसांत गेले. अशी कमी-जास्त दोन्हीकडे होते. म्हणून "बारा दिवस सगळीकडे मिळवून टाका ना" म्हणणाऱ्यांवर मी चिडते. ग्राहकाचा चेहरा उतरला. शेठनी माझ्याकडे बघितलं ते न बघितल्यासारखं करून मी शीट सेव्ह केली.

संध्याकाळी भाऊसाहेबांना विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"मीच टाकली मॅडम. फरशीवाला मिस्त्री तेरापासून पंचवीसपर्यंतच मोकळा आहे. पुढं त्याला पंचवटीतलं काम आहे. तेरा गेली की तो गेला."

"पण मला सांगायचं ना."

"तुमच्या शीटमध्ये तीच तारीख येत होती की. मी फक्त पक्की केली."

आणि हे खरं होतं. ५ फेब्रुवारीच्या हिशोबाने सूत्रातूनही १३ एप्रिलच येत होती. म्हणून त्यांनी टाइप केलं त्या दिवशी शीटमध्ये काहीच बदललं नाही आणि कुणाच्या लक्षात यायचं कारणही नव्हतं. दोन आठवड्यांनी पहिली तारीख हलली तेव्हा ते उघडं पडलं.

मला ते अजून सोडत नाही, कारण भाऊसाहेबांची माहिती माझ्या सूत्रापेक्षा खरी होती. मिस्त्री कधी मोकळा आहे हे प्लास्टर कधी वाळतं याइतकंच महत्त्वाचं, आणि माझ्या शीटमध्ये त्याला जागाच नव्हती. माणसाला जागा दिली नाही तर तो सूत्रावर लिहिणारच. चौकट लॉक केली असती तर त्यांनी ती तारीख डायरीत लिहिली असती आणि मला ती कधी कळलीच नसती.

त्या रात्री दोन रकाने वाढवले. 'याआधी नको' हा एक. मिस्त्री तेराच्या आधी येणारच नसेल तर ती तारीख J मध्ये, आणि सूत्र असं:

```
F10: =WORKDAY.INTL(MAX(G9+E10,J10-1),1,14,$L$2:$L$12)
```

J रिकामा असेल तर MAX त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. पण 'यानंतर नको' ही गोष्ट सूत्रात घालताच येत नाही. १३ च्या पुढे नको म्हटलं म्हणून प्लास्टर लवकर वाळत नाही. सूत्राने ती तारीख पाळली तर ते खोटं बोलणार, जसं त्या दिवशी बोललं. म्हणून ती K मध्ये नुसती लिहून ठेवायची आणि शेजारी =F10-K10. शून्य किंवा उणे असेल तर निश्चिंत, वर गेलं की लाल. फरशीच्या ओळीला ११ आला. बाकीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा या ११ ने कामं झाली: भाऊसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला फोन लावला, तो नाहीच म्हणाला, आणि सिडकोतला दुसरा मिस्त्री चौरस फुटाला थोडा जास्त दर घेऊन २४ एप्रिलला यायला तयार झाला. फेब्रुवारीत शोधला म्हणून मिळाला.

भाऊसाहेब आता K रकाना स्वतः भरतात, सळईच्या गाडीपासून लिफ्टवाल्यापर्यंत. शेठना तो रकाना आवडलेला नाही. ग्राहकाला जाणाऱ्या प्रतीत तो लपवायचा, असं त्यांनी सांगितलंय. मी लपवते. ग्राहकाच्या मुलाला एक्सेल येतं, हे मी अजून शेठना सांगितलेलं नाही.