नडगीचे दुखणे

वडोदरा, रविवार रात्र

पहिल्या तुकडीतली माझी सर्वांत भरवशाची खो-खोपटू संघ सोडून गेली, त्याला आज दीड महिना झाला. साखळी पळतीत ती खांबाजवळ अशी हुल देई की समोरचा आक्रमक नियमानुसार मागे वळू न शकल्यामुळे चडफडत राही. निवड चाचणीच्या तोंडावर तिने फक्त निरोप धाडला, "सर, मी आता येणार नाही."

रागाच्या भरात मी चार दिवस गेलोच नाही. पाचव्या दिवशी दांडिया बाजारातल्या तिच्या घरी गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी काही न बोलता एमआरआयचा अहवाल पुढे ठेवला. नडगीच्या हाडाला ताणामुळे बारीक तडा गेला होता. आधीच्या एक्स-रेमध्ये तो दिसला नव्हता, आणि सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत तसे पुष्कळदा होते.

तिने मला दोनदा सांगितले होते. पहिल्यांदा म्हणाली, "पळायला लागताना दुखते, अंग गरम झाले की थांबते." दुसऱ्यांदा म्हणाली, "आता थांबत नाही, रात्रीही ठणकते." या दोन वाक्यांमधल्या फरकातच सगळे निदान होते, पण मी दोन्ही वेळा "बर्फ लाव" एवढेच म्हणालो. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेले दुखणे बहुधा हाडावरच्या आवरणाचे असते. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी ते एकवटले आणि विश्रांतीतही राहू लागले, तर पळणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे पाठवावे, हे मी प्रशिक्षण शिबिरात शिकलोही होतो.

घरी येऊन सरावाची वही काढली. चाचणीसाठी मी आठवड्याचे चार दिवस आणि रोजचा एक तास यांवरून एकदम सहा दिवस आणि दीड तासावर गेलो होतो, म्हणजे 240 मिनिटांवरून 540 मिनिटांवर, आणि तेही कडक मातीच्या मैदानावर. हा हिशेब मांडायला मला एक खेळाडू गमवावी लागली.

आता "दुखते का?" असे मी सगळ्यांसमोर विचारत नाही, कारण त्याला "नाही, सर" हेच उत्तर येते. सरावाआधी एकेकीला बाजूला घेऊन कुठे दुखते, कधी सुरू होते आणि थांबल्यावर किती वेळ राहते, हे विचारतो. मग गप्प राहतो, आणि माझ्यासारख्या बोलक्या माणसाला तेच फार जड जाते.

आज राखीव खेळाडूंतली एक जण, जिला मी आळशी समजत आलो, आधी "काही नाही, सर" म्हणाली. मी उगाच शिट्टीची दोरी सोडवत बसलो. थोड्या वेळाने तिने बोट घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, एकाच जागी ठेवले. उद्या सकाळी तिच्या आईला घेऊन डॉक्टरांकडे जायचे आहे.