दशांश अपूर्णांकाच्या एका चुकीमुळे भेटलेली माणसं

शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला गणित शिकवणारी मी एकटीच. घटक चाचणीत मी विचारलं होतं, ०.४ आणि ०.२५ यांत मोठी संख्या कोणती? बावीसपैकी पंधरा मुलांनी ०.२५ लिहिलं. पंचवीस चारपेक्षा मोठे, हा त्यांचा हिशेब. मी पुन्हा शिकवलं, पण पुढच्या आठवड्यातही तेच. याबद्दल बोलावं असं शाळेत कुणी नव्हतं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत विषय ठरलेले असतात आणि वेळ माहिती भरण्यातच जातो.

शिक्षकांच्या एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी आधीपासून होते. नऊशेच्या वर सदस्य. तिथं विचारलं, ‘दशांश अपूर्णांक कसे शिकवावेत?’ दोन पीडीएफ आल्या, तीन अंगठे आले आणि तासाभरात माझा प्रश्न शासन निर्णयांच्या आणि शुभेच्छांच्या खाली गेला. तेव्हा वाईट वाटलं. आता कळतं की प्रश्नच इतका मोघम होता की त्याला नेमकं उत्तर देता येणं शक्य नव्हतं.

त्यानंतर कोल्हापुरात गणिताचं जिल्हास्तरीय प्रशिक्षण लागलं. या वेळी मी पाच मुलांच्या उत्तरांचे झेरॉक्स सोबत नेले. गटकार्यात शेजारी बसलेल्या आजऱ्याच्या एका सरांना चहाच्या सुट्टीत ते दाखवले. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले आणि विचारलं, “मॅडम, मुलं हे वाचतात कसं, ते सांगा की आधी.” मी म्हटलं, “झिरो पॉइंट पंचवीस.” ते म्हणाले, “मग पंचवीस मोठेच दिसणार त्यांना. पंचवीस शतांश म्हणायला लावा. आणि चार दशांश म्हणजे चाळीस शतांश, हे शंभर चौकोनांच्या कागदावर रंगवून घ्या.”

फोन नंबर तर प्रशिक्षणात सगळेच घेतात. ‘कोल्हापूर प्रशिक्षण’ नावाने साठवलेले असे कितीतरी नंबर माझ्याकडे होते, त्यांतल्या एकालाही मी कधी फोन केला नव्हता. म्हणून या वेळी आठ दिवसांच्या आत वर्गात करून पाहिलं आणि निकाल सरांना कळवला: पंधरातली नऊ मुलं सुधारली, पण आधी बरोबर असलेली दोन मुलं आता ०.३ हे ०.४५ पेक्षा मोठं म्हणू लागली. त्या निरोपाला सरांचा सरळ फोनच आला. आम्ही खरे ओळखीचे झालो ते त्या फोनवर.

त्या दोन मुलांचा तर्क वेगळाच होता. शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून शतांशातली कुठलीही संख्या लहान, असं त्यांनी धरलं होतं. सरांनी गडहिंग्लजच्या एका मॅडमना जोडून घेतलं. त्या म्हणाल्या, दोन्ही जोड्या एकाच चाचणीत द्या. ०.३ आणि ०.४५ एवढंच विचारलं, तर ‘पंचेचाळीस मोठे’ म्हणणारं मूलही बरोबर ठरतं आणि चूक झाकली जाते. ०.४ आणि ०.२५ एवढंच विचारलं, तर दुसऱ्या प्रकारची चूक झाकली जाते. बारा वर्षं शिकवत होते, तरी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

असे हळूहळू आम्ही सहाजण झालो. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून महिन्यातून एका शनिवारी दुपारी एसटीने कोल्हापूर गाठायचं आणि रंकाळ्यावर बसायचं. ऑन ड्युटीची परवानगी मागायचा प्रश्नच येत नाही. एका वेळी एकाचाच प्रश्न घ्यायचा, आणि त्याने मुलांचं प्रत्यक्ष काम आणायचं. काही आणलेलं नसेल, तर त्या दिवशी त्याने फक्त ऐकायचं. ही अट कडक वाटेल, पण तिच्यामुळेच गप्पा बदल्या आणि वेतनश्रेणीकडे वळत नाहीत.

मध्ये एक चूक झाली. उत्साहात आम्ही ग्रुपमध्ये चाळीसजण घेतले. महिन्याभरात वह्यांचे फोटो येणं बंद झालं, कारण आपल्या वर्गातली चूक अनोळखी लोकांपुढे मांडायला कुणी धजेना. त्याच काळात मी टाकलेल्या एका फोटोत मुलीचं नाव दिसत होतं, आणि तो फोटो फिरत फिरत तिच्या गावातल्याच एका शिक्षकाकडे पोहोचला. तिच्या आईची मी घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून नावावर कागद ठेवूनच फोटो काढतो. चाळीसजणांचा ग्रुप सूचनांसाठी राहू दिला आणि आम्ही सहाजण पुन्हा वेगळे झालो.

मोठे ग्रुप मी सोडलेले नाहीत. प्रशिक्षणाच्या तारखा, नवीन आदेश तिथंच आधी कळतात. पण तिथं कुणी नेमका प्रश्न विचारला, की मी उत्तर ग्रुपवर न टाकता त्या शिक्षकाला वेगळा निरोप पाठवते आणि मुलांनी काय लिहिलंय ते मागते. चंदगडच्या एका नव्या शिक्षिकेने परवा भागाकाराच्या चार वह्यांचे फोटो पाठवले, नावं झाकून. ४१२ भागिले ४ चं उत्तर तीन मुलांनी १३ लिहिलंय, मधलं शून्य कुणीच घेतलेलं नाही. येत्या शनिवारी ती रंकाळ्यावर येतेय.